कॅप्नोग्राफची लाइन सपाट झाली तर आधी काय बघायचं? लाट वाचण्याचा क्रम

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत आता मल्टिपॅरा मॉनिटरसोबत कॅप्नोग्राफ आला आहे, पण तो वाचताना त्याच त्या दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे लाटेकडे न पाहता कोपऱ्यातला आकडा वाचणं. दुसरी चूक पुनरुज्जीवन चालू असताना होते आणि ती जिवावर बेतते. लाइन सपाट होते, कोणीतरी म्हणतं "मशीन बिघडली", दुसरा म्हणतो "हार्टच बंद आहे, मग CO2 कुठून येणार?", आणि अन्ननलिकेत गेलेली ट्यूब तशीच राहते. दोन्ही वाक्यं ऐकायला पटतात, म्हणूनच ती धोक्याची आहेत.

हा लेख ट्यूब टाकण्याचं आणि सीपीआरचं प्रशिक्षण झालेल्या डॉक्टर, सिस्टर आणि १०८ वरच्या सहकाऱ्यांसाठी आहे. लेखातले सगळे आकडे मिलिमीटर पाऱ्यात आहेत, म्हणजे मॉनिटरवर `mmHg` दिसतं तेच. तुमचा मॉनिटर `kPa` दाखवत असेल तर सेटिंग आधी बदलून घ्या.

## १. ट्यूब हातात घेण्याआधीची तयारी

मशीन सगळ्यात आधी चालू करा. सेन्सर गरम व्हायला वेळ लागतो आणि त्या वेळात येणारी लाट भरवशाची नसते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साइडस्ट्रीम प्रकार असतो, म्हणजे बारीक सॅम्पलिंग लाइन थोडी हवा ओढून मॉनिटरमध्ये नेते. या प्रकारात लाट काही सेकंद उशिरा दिसते. बॅग दाबली आणि लगेच काही आलं नाही म्हणून घाबरू नका. मात्र सहा-सात श्वास गेले तरी काही नसेल, तर तो उशीर नव्हे.

वॉटर ट्रॅप रिकामा करून नीट बसवा. सॅम्पलिंग लाइन फिल्टरच्या मशीनकडच्या बाजूला जोडा. रुग्णाकडच्या बाजूला जोडली तर ओलावा आणि स्राव थेट लाइनमध्ये शिरतात. उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत किंवा पावसाळ्यात नळीत पाणी धरायला पाच मिनिटंही पुरतात, म्हणून एक जादा लाइन ट्रेमध्ये ठेवा.

आता फुंकर चाचणी. नवी, न वापरलेली लाइन जोडल्यावर तिच्या टोकासमोर स्वतःचे तीन श्वास सोडा. तीन लाटा दिसल्या पाहिजेत. मग टोक मोकळ्या हवेत धरा, बेसलाइन शून्यावर आली पाहिजे. या कामाला फारसा वेळ लागत नाही, आणि पुढे लाइन सपाट झाली की "मशीनच बंद होती" हा वाद तिथेच संपतो.

स्केलही बघा. स्केल ० ते १०० वर असेल तर सीपीआरमधली १२ ची लाट जमिनीला चिकटलेली दिसते आणि लांबून पाहणारा तिला सपाट म्हणतो. स्केल ० ते ५० किंवा त्याच्या जवळपास ठेवा. स्वीप वेग फार कमी असला की लाटा एकमेकींना चिकटतात आणि आकार कळत नाही. १२.५ मिमी प्रति सेकंदावर आकार सहसा नीट दिसतो.

तपासा: मास्कने अंबू बॅग देत असतानाच कॅप्नोग्राफ जोडा. मास्कवर लाट येत असेल तर तुमचं बॅगिंग फुफ्फुसापर्यंत पोहोचतंय, आणि ट्यूब टाकल्यावर तुलनेला एक लाट हाताशी राहते.

## २. नॉर्मल लाट: आकड्याआधी चार प्रश्न

लाटेकडे नेहमी याच क्रमाने बघा. लाट आहे का? बेसलाइन शून्यावर आहे का? चढ उभा आहे का? माथा सपाट आहे का? या चारही प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरच EtCO2 चा आकडा वाचा.

उच्छ्वास सुरू होतो तेव्हा आधी ट्यूब आणि श्वासनलिकेतली हवा बाहेर येते. या हवेची फुफ्फुसात देवाणघेवाण झालेली नसते, त्यामुळे CO2 शून्य. हा पहिला टप्पा. म्हणजे बेसलाइनच्या सपाट भागात आत जाणारा श्वास आणि उच्छ्वासाची अगदी सुरुवात, दोन्ही असतात. यानंतर फुफ्फुसातली हवा मिसळू लागते आणि रेषा झपकन वर चढते, तो दुसरा टप्पा. तिसऱ्या टप्प्यात वायुकोशांतली हवा येते आणि रेषा जवळपास आडवी, किंचित चढती राहते. या माथ्याचं शेवटचं टोक म्हणजे EtCO2, निरोगी माणसात ३५ ते ४५. पुढचा श्वास आत जाताच रेषा सरळ खाली शून्यावर पडते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यामधला कोन, अल्फा, साधारण १०० ते ११० अंशांचा असतो. माथा आणि उतार यांच्यातला बीटा कोन साधारण ९० अंशांचा. कोनमापक घेऊन कोणी बसत नाही, पण चौकोनी लाट डोळ्यात बसली की बिघडलेली लगेच ओळखू येते.

EtCO2 म्हणजे रक्तातला CO2 नव्हे. चांगल्या रक्ताभिसरणात तो रक्तातल्या CO2 पेक्षा २ ते ५ ने कमी असतो. शॉकमध्ये हा फरक बराच वाढतो. म्हणून बीपी ७० असलेल्या रुग्णात २४ आकडा पाहून "जास्त बॅगिंग होतंय" असा निष्कर्ष काढू नका. तिथे फुफ्फुसापर्यंत रक्तच कमी पोहोचत असेल.

तपासा: एका मिनिटात बॅग किती वेळा दाबली आणि लाटा किती आल्या, हे मोजा. दोन्ही जुळले पाहिजेत.

## ३. बेसलाइन शून्यावर येत नाही: सोडलेला श्वास परत आत जातोय

बेसलाइन ५, ८, १२ अशी वर राहत असेल आणि FiCO2 शून्य नसेल, तर आधी एकच गोष्ट करा. सॅम्पलिंग लाइन सर्किटपासून सोडवून मोकळ्या हवेत धरा.

- बेसलाइन शून्यावर आली नाही, तर दोष मशीनचा आहे. सेन्सरमध्ये पाणी किंवा घाण आहे. ट्रॅप आणि लाइन बदला, झिरो करा.
- शून्यावर आली, तर रीब्रीदिंग खरं आहे. दोष सर्किटमध्ये शोधा.

सीझरच्या टेबलावर आपल्याकडे बेन सर्किट जास्त दिसतं. त्यात नेहमीचं कारण म्हणजे ताज्या वायूचा प्रवाह कमी पडणं. हाताने श्वास देत असाल तर दर किलोला मिनिटाला साधारण ७० मिली लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला साडेतीन लिटर. ती स्वतः श्वास घेत असेल तर याच्या दुपटीहून जास्त लागतो. ऑक्सिजन वाचवण्यासाठी फ्लो खाली आणला की बेसलाइन हळूहळू चढू लागते. फ्लो वाढवूनही ती उतरत नसेल तर बेनची आतली नळी मशीनकडच्या टोकाला सुटली आहे का, ते बघा. ती सुटली तर अख्खी बाहेरची नळी मृत अवकाश होते. अशा वेळी सर्किट बदलणं हाच इलाज.

सर्कल सर्किटमध्ये सोडा लाइम संपला असेल किंवा उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह अडकला असेल तर बेसलाइन वर येते. श्वास आत नेणारा व्हॉल्व्ह गळत असेल तर खाली पडणारी रेषा तिरकी होते आणि बीटा कोन रुंदावतो. अंबू बॅगवर असं दिसलं तर व्हॉल्व्हमध्ये उलटी किंवा कफ अडकला आहे. धुवत बसू नका, दुसरी बॅग घ्या.

सावधान: लहान बाळाचा श्वास वेगात असतो आणि साइडस्ट्रीम मशीन त्या वेगाला पुरत नाही. लाट बुटकी होते, बेसलाइन शून्याला टेकत नाही. सर्किट खोलण्याआधी ही शक्यता आठवा.

## ४. तिरका चढ, माथा नाही: वाट अडली आहे

चढ उभा न राहता वाकत वाकत वर जातो, सपाट माथा उरत नाही, आणि रेषा वर चढत असतानाच पुढचा श्वास तिला कापतो. याला शार्क-फिन म्हणतात. फुफ्फुसाचे काही भाग लवकर रिकामे होतात, काही उशिरा, म्हणून रेषा अशी ओढली जाते.

ही लाट पाहिली की बहुतेकांचा हात साल्ब्युटामॉलकडे जातो. थांबा. अडथळा ट्यूबमध्येही असू शकतो, आणि लाटेवरून दोन्ही सारखेच दिसतात. आधी ट्यूब वाकली आहे का, रुग्णाने ती चावली आहे का, ते डोळ्याने बघा. मग सक्शन कॅथेटर आत सोडा. ७.५ च्या ट्यूबमधून १२ नंबरचा कॅथेटर विनासायास गेला पाहिजे. अडला तर दोष ट्यूबमध्ये. सहज गेला आणि छातीत शिट्टी ऐकू येत असेल, तर औषध द्या.

दुसरी चूक जास्त घातक आहे. आकडा ६० दिसला की जोरजोरात बॅगिंग सुरू होतं. श्वास बाहेर पडायलाच वेळ मिळत नाही, हवा आत साठत जाते, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि बीपी कोसळतो. दम्याच्या रुग्णाला मिनिटाला ८ ते १० च श्वास द्या आणि प्रत्येक श्वासानंतर रेषा आडवी होते का ते बघा. बीपी अचानक पडला तर सर्किट काही सेकंद सोडवून साठलेली हवा बाहेर जाऊ द्या. तेवढ्याने बीपी सुधारला नाही तर छातीत हवा भरली आहे का, ते तपासा.

सावधान: माथा तयारच होत नसेल तर EtCO2 चा आकडा खरा नसतो. रुग्णाच्या फुफ्फुसातला CO2 त्याहून जास्त आहे असं धरा.

चांगल्या सपाट माथ्यात एखादी खाच दिसली तर तो अडथळा नाही. भुलीचा किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उतरत असून रुग्ण स्वतः श्वास घेऊ पाहतोय.

## ५. पुनरुज्जीवन चालू आहे आणि लाइन सपाट आहे

छाती नीट दाबली जात असेल तर फुफ्फुसात थोडं तरी रक्त पोहोचतं, आणि ट्यूब श्वासनलिकेत असेल तर बुटकी का होईना, लाट येते. म्हणून सीपीआर चालू असताना सपाट लाइन म्हणजे ट्यूब चुकीच्या जागी आहे, असं धरून चालायचं. उलटं सिद्ध करण्याची जबाबदारी ट्यूबच्या बाजूने बोलणाऱ्यावर.

ट्यूब बरोबर आहे म्हणायला किमान सात श्वासांपर्यंत लाट टिकली पाहिजे, श्वास सोडताना वर आणि घेताना खाली गेली पाहिजे, आणि तिची उंची बेसलाइनपासून निदान ७.५ पाहिजे. सात श्वास कशासाठी? मास्कने बॅगिंग करताना पोटात गेलेल्या हवेत थोडा CO2 असतो. ट्यूब अन्ननलिकेत असली तरी पहिल्या काही श्वासांना लाटा येतात, पण प्रत्येक लाट आधीपेक्षा बुटकी होत शेवटी नाहीशी होते. दोन लाटा पाहून ट्यूब बांधून टाकणारा इथेच फसतो. ट्यूबमध्ये धुकं दिसलं, स्टेथोस्कोपने आवाज ऐकला, या खुणा अन्ननलिकेतल्या ट्यूबलाही मिळू शकतात. सपाट लाइनसमोर त्यांची साक्ष धरू नका.

लाइन कशी गेली, हे आधी बघा. ३० वरून एका श्वासात थेट शून्य, तर कारण यांत्रिक आहे: नळी सुटली, ट्यूब निघाली, ट्यूब पूर्ण बंद झाली, किंवा सॅम्पलिंग लाइन अडकली. ३८, ३१, २४, १७ अशी उतरत गेली, तर रक्ताभिसरण कोसळतंय. तिथे ट्यूबशी खेळत बसू नका, गळ्याची नाडी बघा.

अचानक सपाट झाली तर हा क्रम:

1. छाती दाबणं थांबवू नका. प्रमुखाने मोठ्याने म्हणावं, "लाइन सपाट आहे."
2. रुग्णापासून मशीनकडे नजर न्या. छाती उचलली जातेय का, सर्किट कुठे सुटलंय का, दातांजवळ ट्यूब किती नंबरवर आहे.
3. बॅगचा हात विचारा. एकदम सैल लागत असेल तर नळी सुटली किंवा ट्यूब निघाली. दगडासारखी घट्ट लागत असेल तर अडथळा.
4. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी नवी सॅम्पलिंग लाइन लावून टोकासमोर श्वास सोडावा. वापरलेल्या लाइनला तोंड लावायचं नाही. लाट आली तर मशीन निर्दोष.
5. लॅरिंगोस्कोपने पुन्हा बघा, शक्यतो आधी ट्यूब न टाकलेल्या माणसाने. ज्याने टाकली त्याला ती बरोबरच दिसते.
6. ट्यूब स्वरतंतूंमधून जाताना स्पष्ट दिसली नाही तर काढा. मास्क किंवा आय-जेल लावा आणि त्यावर कॅप्नोग्राफ जोडा.

ट्यूब बरोबर असूनही लाइन सपाट राहण्याची कारणं मोजकीच: ट्यूब कफाने किंवा रक्ताने पूर्ण बंद, अतिशय तीव्र ब्रॉन्कोस्पाझम, किंवा छाती दाबलीच जात नाही. ती शोधायची असतात, पण आधी ट्यूबची जागा पक्की करून.

लाट आहे पण आकडा १० च्या खाली आहे, तर दाबणाऱ्याकडे बघा. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर. दाबणारा थकला की आकडा उतरतो, तेव्हा माणूस बदला. बॅग मिनिटाला १० पेक्षा जास्त वेळा दाबली जात असेल तरीही आकडा उतरतो. अॅड्रेनॅलिननंतर तो थोडा कमी होऊ शकतो, आणि सोडा बायकार्बनंतर थोडा वेळ वाढतो. या वाढीला हृदय सुरू झालं असं समजू नका. १२ वरून एकदम ३५-४० वर गेला आणि टिकला, तर नाडी परतली असण्याची शक्यता मोठी. पुढच्या रिदम तपासणीला खात्री करा.

छाती दाबताना लाटेवर बारीक तरंग उठतात. मॉनिटर त्यांना श्वास समजून श्वसनाचा दर ११० दाखवू शकतो. तो आकडा सोडून द्या.

सावधान: ट्यूब टाकलेल्या रुग्णात २० मिनिटांच्या चांगल्या सीपीआरनंतरही आकडा १० च्या खाली असेल तर आशा कमी असते. पण एवढ्या एका आकड्यावर सीपीआर थांबवायचा नसतो, आणि ट्यूबची जागा तपासलेली नसेल तर तो आकडा विचारातही घेऊ नका.

## ६. सगळा क्रम एका रुग्णावर

समजा, कपाशीवर फवारणी करून आलेला चाळिशीचा शेतकरी संध्याकाळी आणला आहे. तोंडातून फेस, बाहुल्या बारीक, नाडी ४८, SpO2 ७८. मास्कवर कॅप्नोग्राफ लावला तर तिरकी लाट, आकडा ५२. सक्शन करून ट्यूब टाकली, दातांजवळ २२. सात लाटा सलग आल्या, सगळ्या शार्क-फिन, आकडा ५८. कॅथेटर सहज गेला, छातीत शिट्टी आणि पाणी भरल्याचा आवाज. म्हणजे दोष छातीत, ट्यूबमध्ये नाही. अशा विषबाधेत मुख्य औषध अॅट्रोपिन. छातीतला स्राव सुकेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत गेलो की लाटही सावकाश चौकोनी होऊ लागते. बाहुल्या मोठ्या झाल्या की नाही, यापेक्षा छाती आणि लाट काय म्हणतात ते बघा.

तासाभराने आकडा ४६. मेडिकल कॉलेजला हलवायचं ठरलं. स्ट्रेचरवर घेतलं आणि लाइन सपाट.

"सर, मशीनच गेली वाट्टे," ब्रदर म्हणतो. "SpO2 तर चौऱ्याण्णव आहे."

SpO2 मागे राहतं. शरीरात उरलेल्या ऑक्सिजनवर ते मिनिटभर किंवा जास्त वेळ बरं दिसतं, त्यामुळे ९४ चा दिलासा खोटा. लाइन ४६ वरून एका श्वासात गेली, म्हणजे कारण यांत्रिक. गळ्याची नाडी लागते आहे. ट्यूब २२ वरच आहे. बॅग घट्ट लागतेय, छाती हलत नाही. नवी लाइन लावून ब्रदरने श्वास सोडला, लाट आली. कॅथेटर अर्ध्यात अडला. लॅरिंगोस्कोपने ट्यूब स्वरतंतूंमध्ये दिसते, म्हणजे जागा बरोबर पण ट्यूब बंद. अॅट्रोपिनने घट्ट झालेला कफ हलवाहलवीत आत अडकला. कॅथेटर जात नाही म्हटल्यावर पाणी सोडून, ओढून पाहण्यात वेळ घालवायचा नाही. ट्यूब काढली, मास्कवर लाट आली, आकडा ६४.

पण मधल्या वेळात नाडी गेली. छाती दाबणं सुरू, मास्कनेच बॅग, लाट बुटकी पण आहे. दाबणं न थांबवता नवी ट्यूब टाकली: ९, ११, १४, १३, १४, १५, १४. सात लाटा, टिकलेल्या, आणि सात पूर्ण झाल्यावरच ट्यूब बांधली. अॅड्रेनॅलिननंतर १२. दोन मिनिटांनी दाबणारा बदलला तर १७. पुढच्या फेरीत एकदम ४४, आणि तो तिथेच राहिला. रिदम तपासताना नाडी लागली. आता बॅगिंग मिनिटाला १० च ठेवायचं. ४४ पाहून ते वाढवलं तर छातीतला दाब वाढून नुकताच आलेला बीपी पुन्हा पडतो.

## ७. रुग्ण हलवताना

खाटेवरून स्ट्रेचर, स्ट्रेचरवरून गाडी, गाडीतून पुन्हा खाट, अशी प्रत्येक अदलाबदल ट्यूब निघण्याची वेळ असते. एकाने फक्त ट्यूब धरावी. उचलण्याआधी लाट बघा, ठेवल्यावर पुन्हा बघा, आणि लाट दिसल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. गाडी सुरू होण्याआधी मॉनिटरची बॅटरी, रिकामा वॉटर ट्रॅप, जादा सॅम्पलिंग लाइन आणि सक्शन तपासा. खड्ड्यांच्या रस्त्यावर लाट थरथरते. आकार ओळखू येत नसेल तर गाडी बाजूला घ्यायला सांगा आणि चार श्वास स्थिर बघा.

रेफर चिठ्ठीवर ट्यूबचा साइज, दातांजवळचा नंबर, निघतानाचा EtCO2 आणि लाटेचा आकार लिहा, उदाहरणार्थ "४४, चढ थोडा तिरका, बेसलाइन शून्य". लाइन मध्ये सपाट झाली असेल तर किती वाजता झाली, कारण काय निघालं आणि ट्यूब बदलली का, हेही लिहा. मॉनिटर प्रिंट देत असेल तर पट्टी चिठ्ठीला टाचा.